‘लक्षात ठेवेन’ म्हणणारं मॉडेल आणि बंद असलेली मेमरी

एका घरातल्या शाळकरी मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं धरून चालू. त्याची आई आठवड्याच्या डब्याचं वेळापत्रक करायला मोबाइलवरच्या चॅटबॉटची मदत घेते. सुरुवातीलाच ती लिहिते, ‘माझ्या मुलाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. हे कायम लक्षात ठेव.’ लगेच उत्तर येतं, ‘नक्की! तुमच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे मी लक्षात ठेवेन आणि यापुढे कोणताही पदार्थ सुचवताना काळजी घेईन.’ मग सोमवार ते शनिवार असे सहा डबे ठरतात. पोह्यांत दाणे नाहीत, चटणी सुक्या खोबऱ्याची, भरल्या वांग्यांत तिळाचा कूट. आईचा विश्वास बसतो.

चार दिवसांनी एकादशी येते. ती नवं चॅट उघडते आणि विचारते, ‘उद्या उपासाला काय करू? मुलालाही देता येईल असं सांग.’ उत्तर येतं: साबुदाण्याची खिचडी, त्यात वाटीभर दाण्याचा कूट, वरीचे तांदूळ आणि सोबत दाण्याची आमटी.

या आईच्या ॲपमधली मेमरी बंद आहे. तरीही मॉडेलनं ‘लक्षात ठेवेन’ असं ठामपणे सांगितलं, आणि पहिल्या चॅटमध्ये ते शब्दाला जागलंही. दुसऱ्या चॅटमध्ये मात्र त्या शब्दाचा मागमूस राहिला नाही. हे कसं घडतं, ते समजण्यासाठी मॉडेलपर्यंत नेमकं काय पोचतं, ते पाहावं लागेल.

मॉडेलला दिसतं तेवढंच

भाषा मॉडेल म्हणजे आकड्यांचा एक प्रचंड संच. अफाट मजकूर वाचवून, महिनोन्महिने प्रशिक्षण देऊन हे आकडे ठरवले जातात. एकदा मॉडेल लोकांच्या हाती आलं की रोजच्या वापरात हे आकडे बदलत नाहीत. तुम्ही त्याच्याशी तासभर बोललात तरी बोलण्याआधीचं मॉडेल आणि बोलल्यानंतरचं मॉडेल तंतोतंत सारखंच असतं. तुमच्या बोलण्याची कोणतीही खूण त्याच्यात उमटत नाही.

मग एकाच चॅटमध्ये दहा मिनिटांपूर्वीची गोष्ट त्याला कशी कळते? कारण तुम्ही प्रत्येक वेळी नवं वाक्य पाठवलं की ॲप फक्त ते वाक्य पाठवत नाही. त्या चॅटमधला पहिल्या ओळीपासूनचा सगळा मजकूर नव्यानं मॉडेलपुढे ठेवला जातो. मॉडेल तो सगळा वाचतं, पुढचं उत्तर तयार करतं आणि तिथे त्याचं काम संपतं. पुढच्या वाक्याला पुन्हा पहिल्यापासून वाचन. आईनं बुधवारच्या डब्याबद्दल विचारलं तेव्हा मॉडेलकडे गेलेला मजकूर, थोडक्यात, असा होता:

```json
[
 {"role": "system", "content": "तू मदतनीस आहेस. मराठीत उत्तर दे."},
 {"role": "user", "content": "मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. लक्षात ठेव."},
 {"role": "assistant", "content": "नक्की, लक्षात ठेवेन."},
 {"role": "user", "content": "बुधवारच्या डब्याला काय देऊ?"}
]
```

यातली `system` ही ओळ कंपनी किंवा ॲप बनवणारे लिहितात. ती सहसा आपल्याला दिसत नाही. `user` म्हणजे आपण आणि `assistant` म्हणजे मॉडेलची आधीची उत्तरं. शेंगदाण्याचं वाक्य या मजकुरात समोरच आहे. त्यामुळे बुधवारचा डबा बरोबर आला. आता एकादशीच्या चॅटमध्ये काय गेलं ते पाहा:

```json
[
 {"role": "system", "content": "तू मदतनीस आहेस. मराठीत उत्तर दे."},
 {"role": "user", "content": "उद्या उपासाला काय करू? मुलालाही देता येईल असं सांग."}
]
```

यात शेंगदाण्याचा उल्लेखच नाही. मॉडेल काही विसरलं, असंही म्हणता येत नाही, कारण या उत्तरापुरतं पाहिलं तर त्याला ती गोष्ट कधी सांगितलेलीच नव्हती. मराठी घरातल्या उपासाबद्दल जो मजकूर त्यानं प्रशिक्षणात वाचला, त्यात खिचडी म्हटली की दाण्याचा कूट आलाच. तोच त्यानं सुचवला.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. जुनं चॅट तर ॲपच्या यादीत दिसतंय, मग ते मॉडेलला माहीत कसं नाही? ती यादी कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली असते आणि ती आपल्याला वाचायला असते. मेमरी बंद असताना नवं चॅट सुरू केलं की मॉडेलला त्या यादीतलं काहीच वाचायला दिलं जात नाही. याचा एक फायदाही आहे. आईनं नवं चॅट न उघडता डब्याचंच जुनं चॅट उघडून त्यातच उपासाचा प्रश्न विचारला असता, तर शेंगदाण्याची ओळ पुन्हा मॉडेलसमोर गेली असती आणि कूट टळण्याची शक्यता खूपच वाढली असती.

मग वचन का दिलं?

मॉडेल एका वेळी शब्दाचा एकेक तुकडा तयार करतं. समोरच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येणं सर्वांत साजेसं, याचा अंदाज ते प्रशिक्षणातून शिकलेलं असतं. माणसांनी लिहिलेल्या पत्रांत, ईमेलमध्ये, कथांमधल्या संवादांत ‘हे लक्षात ठेवा’ या वाक्यानंतर बहुतेक वेळा ‘हो, ठेवतो’ हेच येतं. ‘मला लक्षात ठेवता येणार नाही, कारण मला तशी सोयच नाही’ असं माणूस माणसाला म्हणत नाही, म्हणून तसं उत्तर त्या मजकुरात जवळपास नाहीच.

त्यानंतर प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा येतो. त्यात माणसं मॉडेलची दोन-दोन उत्तरं शेजारी ठेवून कोणतं चांगलं ते सांगतात, आणि मॉडेलला त्या पसंतीकडे वळवलं जातं. परीक्षकासमोर बहुधा एकच संभाषण असतं. त्यात ‘नक्की, लक्षात ठेवेन’ हे उत्तर आपुलकीचं आणि तत्पर वाटतं. चार दिवसांनी ते वचन पाळलं गेलं की नाही, हे त्या परीक्षकाला दिसत नाही. वचन देण्याचे गुण मिळतात. न पाळल्याचे गुण कापायला तिथे कोणी नसतं.

तिसरं कारण सर्वांत साधं आणि सर्वांत महत्त्वाचं आहे. मेमरी चालू की बंद, हे ॲपचं सेटिंग आहे. मॉडेलला सेटिंगचं पान दिसत नाही. त्याला फक्त मजकूर दिसतो. ‘या वापरकर्त्याची मेमरी बंद आहे, लक्षात ठेवायला सांगितलं तर तसं स्पष्ट सांग’ अशी ओळ ॲप बनवणाऱ्यांनी `system` मध्ये लिहिली असेल, तरच त्याला ते कळतं. ती ओळ नसेल, तर ज्याला स्वतःची परिस्थितीच माहीत नाही असं मॉडेल सवयीचं उत्तर देतं. ती ओळ असली तरी लांबलेल्या संभाषणात मॉडेल तिच्याकडे कधीकधी दुर्लक्ष करतं आणि जुन्या वळणावर जातं.

म्हणून हे खोटं बोलणं आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: फसवण्याचा हेतू इथे दाखवता येत नाही, पण ऐकणाऱ्याचं नुकसान खरं असू शकतं. त्यामुळे जबाबदारी ॲप बनवणाऱ्यांवर येते. मेमरी बंद आहे हे त्यांना माहीत असतं. ते मॉडेलला सांगणं त्यांच्या हातात असतं.

आठवण ही वेगळी बांधावी लागते

१९६६ साली एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संवाद करणाऱ्या प्रोग्रॅमचं वर्णन प्रसिद्ध केलं. मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलणारी एलायझा आजच्या तुलनेत अगदी प्राथमिक होती, पण तिच्यात आठवणीची एक छोटी खरीखुरी सोय होती. बोलणाऱ्यानं ‘माझं’, ‘माझी’ असं काही सांगितलं की त्यावरून घडवलेलं एक वाक्य ती बाजूला साठवून ठेवी. पुढे एखाद्या वाक्यात तिला धरण्याजोगा शब्द सापडला नाही, की ते साठवलेलं वाक्य काढून ‘मघाशी तुम्ही सांगितलेल्या गोष्टीशी याचा संबंध आहे का?’ अशा धर्तीवर ती विचारी. ‘लक्षात ठेवेन’ असं म्हणण्याची तिला गरज नव्हती. वाक्य साठवण्याची जागा प्रोग्रॅममध्ये होती, म्हणून ते साठवलं जाई.

आजच्या चॅटबॉटमध्येही आठवण अशीच वेगळी बांधावी लागते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं तेव्हा त्याच्यात एका चॅटमधून दुसऱ्या चॅटमध्ये काही नेण्याची सोय नव्हती. ओपनएआयनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मेमरीची चाचणी जाहीर केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये जुन्या चॅटमधला संदर्भ नव्या चॅटमध्ये वापरण्याची सोय आणली. जेमिनी आणि क्लॉड यांतही पुढे अशा सोयी आल्या.

मेमरी चालू असते तेव्हा घडतं ते असं. आईनं ‘लक्षात ठेव’ म्हटल्यावर मॉडेल उत्तराच्या जोडीला ॲपला एक आज्ञा देतं: ही नोंद साठव. ॲप ती या आईच्या खात्याच्या नोंदवहीत लिहितं आणि बऱ्याचदा मेमरीत भर पडल्याची छोटी सूचना पडद्यावर दाखवतं. एकादशीला नवं चॅट उघडलं की ॲप नोंदवहीतल्या ओळी मॉडेलला द्यायच्या मजकुरात आधीच घालतं:

```json
{"role": "system", "content": "तू मदतनीस आहेस. नोंद: मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे."}
```

फरक एवढ्या एका ओळीचा आहे. मॉडेल तेच, आकडे तेच; पण आता शेंगदाण्याची ओळ समोर आहे, म्हणून खिचडीत कुटाऐवजी ओलं खोबरं येतं. म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम त्या आज्ञेनं आणि त्या नोंदवहीनं केलं. ‘लक्षात ठेवेन’ हे वाक्य आणि नोंद करण्याची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेमरी चालू असतानासुद्धा मॉडेल वाक्य लिहून आज्ञा द्यायची राहू शकतं. तेव्हाही वचन वाचायला तितकंच खरं वाटतं.

याच जातीची आणखी वचनं आहेत. ‘तुम्ही केलेली दुरुस्ती मी यापुढे ध्यानात ठेवेन’, ‘संध्याकाळी पाच वाजता आठवण करून देईन’, ‘तुमचा अभिप्राय टीमपर्यंत पोचवतो’. त्या-त्या कामाची सोय ॲपमध्ये जोडलेली असेल तर ती खरी, नसेल तर ती नुसती वाक्यं. मॉडेलचं चुकलेलं मराठी मनापासून सुधारून देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. ती दुरुस्ती त्या चॅटपुरती लागू होते. पुढे कधीतरी कंपनीनं अशी संभाषणं नव्या मॉडेलच्या प्रशिक्षणात वापरली, तरी आपल्याला दिलेलं वचन त्यामुळे पाळलं जात नाही.

एका चॅटमध्येही मर्यादा

चालू चॅटमध्ये वचन पाळलं जातं असं वर म्हटलं, त्यालाही सीमा आहे. मॉडेल एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर वाचू शकतं. या मर्यादेला संदर्भखिडकी म्हणू. ती शब्दांच्या तुकड्यांत, म्हणजे टोकनमध्ये मोजतात. २०२० मधल्या जीपीटी-३ ची खिडकी २०४८ टोकनची होती. आज काही मॉडेलांची दहा लाखांपर्यंत आहे. देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा सहसा जास्त तुकड्यांत मोडला जातो, त्यामुळे तेवढंच बोलणं मराठीत झालं की खिडकी लवकर भरते.

खिडकी भरली की काही ॲप सर्वांत जुनी वाक्यं गाळतात, काही जुन्या भागाचा सारांश करून तो पुढे नेतात, तर काही नवं चॅट सुरू करायला सांगतात. पहिल्या दोन प्रकारांत धोका जास्त, कारण आपल्याला ते कळतच नाही. आपण सर्वांत महत्त्वाची सूचना बहुधा सर्वांत आधी देतो, म्हणून गळायची पाळीही आधी तिचीच येऊ शकते. लांबलेल्या चॅटमध्ये मॉडेल अचानक आधी टाळलेली गोष्ट सुचवू लागलं, ठरलेली नावं बदलू लागलं किंवा आधीच सांगितलेली माहिती पुन्हा विचारू लागलं, तर सुरुवातीचा मजकूर त्याच्यासमोरून गेला असावा असं समजावं आणि सूचना पुन्हा लिहावी.

वचन तपासायचं कसं

‘तुला खरंच आठवेल ना?’ असं त्याच चॅटमध्ये विचारून उपयोग नाही. उत्तर पुन्हा त्याच सवयीतून येईल. नव्या चॅटमध्ये जाऊन ‘माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आठवतंय ना?’ असंही विचारू नये. प्रश्नातच उत्तर दिलेलं आहे, आणि मॉडेल आनंदानं ‘हो, आठवतंय’ म्हणण्याची शक्यता बरीच आहे. नवं चॅट उघडावं आणि काहीही सुचवू न देता विचारावं, ‘आमच्या घरच्यांच्या खाण्यापिण्याबद्दल तुला काय माहीत आहे?’ नेमकं उत्तर आलं तर नोंद झालेली आहे. ‘काही माहीत नाही’ असं आलं, किंवा कुठल्याही घराला लागू पडेल असं मोघम उत्तर आलं, तर नोंद नाही.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचं पान स्वतः पाहणं. मेमरी चालू आहे का, आणि साठवलेल्या नोंदींत आपली ओळ दिसते का, हे बऱ्याच ॲपमध्ये तिथे वाचता येतं. मॉडेलला विचारण्यापेक्षा त्या पानावर विश्वास ठेवावा.

‘हे विसरून जा’ या वाक्यालाही हेच लागू आहे. ‘ठीक आहे, विसरलो’ असं उत्तर आलं तरी त्या चॅटमधलं वाक्य तिथेच असतं आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नासोबत मॉडेलकडे जातच राहतं. चॅट पुसलं तरी मेमरीत झालेली वेगळी नोंद आपोआप पुसली जात नाही. चॅटजीपीटीत ती वेगळी काढावी लागते. आणि मेमरी बंद असणं म्हणजे कंपनीकडे आपलं बोलणं साठवलं जात नाही, असंही नाही. मॉडेलला काय दिसतं, कंपनी काय साठवते आणि प्रशिक्षणासाठी काय वापरते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सेटिंगंही सहसा वेगवेगळी असतात.

मेमरी बंद ठेवणं चूक मुळीच नाही. एकच फोन घरातले चौघं वापरत असतील तर ती बंद असलेलीच बरी, नाहीतर आजोबांच्या गोळ्यांची माहिती नातवाच्या गृहपाठात डोकावेल आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाईल. बंद ठेवायची तर कायमच्या गोष्टींची चार ओळींची नोंद आपल्या फोनमध्येच लिहून ठेवावी: कोणाला काय चालत नाही, कोणतं औषध सुरू आहे, काय टाळायचं आहे. नवं चॅट उघडलं की ती नोंद आधी चिकटवावी, मग प्रश्न विचारावा. ज्या गोष्टी चुकल्या तर दवाखाना गाठावा लागेल, त्यांच्या बाबतीत तर मेमरी चालू असली तरी हे करावं, आणि आलेली पाककृती शेगडीवर काही चढवण्याआधी एकदा स्वतः वाचावी.

मॉडेलचं ‘लक्षात ठेवेन’ हे समोरच्या मजकुरापुरतं खरं असतं. त्यापलीकडे ते खरं व्हायचं असेल तर कुठेतरी नोंद व्हावी लागते, आणि ती झाली की नाही हे पाहण्याचं काम आपलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी हे वाक्य वाचलं की धन्यवाद म्हणण्याआधी सेटिंग उघडा आणि नोंद पाहा.